शेतजमीन विक्री आणि भांडवली नफा: प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे?

अनुजा_पु
तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी एक प्रश्नमालिका तयार करते आहे. शेतकरी येतो आणि विचारतो, "जमीन विकली, कर लागेल का?" केंद्रातल्या माणसाने एकेक प्रश्न विचारावा, हो-नाही निवडावं आणि शेवटी तीनपैकी एक उत्तर निघावं: कर नाही, कर आहे पण सवलत मिळू शकते, किंवा पूर्ण कर. ऑगस्ट २०२५ मधल्या विक्रीपासून सुरुवात केली आहे, म्हणजे १९६१ चाच आयकर कायदा. माझा सध्याचा क्रम असा आहे:

१. जमीन ग्रामीण आहे का? हो असेल तर कर नाही, थांबा.
२. जमीन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ताब्यात होती का? नसेल तर पूर्ण कर, थांबा.
३. त्या पैशातून दुसरी शेतजमीन घेतली किंवा घेणार का? हो असेल तर कलम ५४ब ची सवलत.

चाचणीला घेतलेल्या चार प्रकरणांपैकी दोनांत जाणकारांचं उत्तर वेगळं आलं. चूक नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते समजून घ्यायचंय.

वसंतराव_ज
एवढं अवघड करायची गरज नाही. जमीन ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे आणि सातबाऱ्यावर शेती आहे, एवढं पाहिलं की झालं. ग्रामपंचायत म्हणजे ग्रामीण, ग्रामीण म्हणजे करमुक्त. आमच्याकडे सगळे व्यवहार असेच झालेत आणि कोणाला नोटीस आलेली नाही.

केतन_करसल्ला
वसंतराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. ग्रामपंचायत म्हणजे नगरपालिका नव्हे, त्यामुळे हद्दीच्या पहिल्या कसोटीत ती जमीन अडकत नाही. पण कलम २(१४)(iii) मध्ये दुसरी कसोटी अंतराची आहे. ग्रामपंचायतीतली जमीनसुद्धा एखाद्या शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात असेल तर ती भांडवली मालमत्ता धरली जाते, म्हणजे विक्रीचा नफा करपात्र. पुण्या-नाशिकच्या भोवतालची बहुतेक महागडी शेतजमीन ग्रामपंचायतीतच आहे आणि करपात्रही आहे. नोटीस न येणं हा पुरावा नाही. मोठ्या रकमेचा दस्त नोंदला की त्याची माहिती निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याकडे जाते.

अनुजाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नातच मोठी अडचण आहे. "जमीन ग्रामीण आहे का?" हा प्रश्न नाही, ते उत्तर आहे. शेतकऱ्याला ते माहीत असतं तर तो केंद्रात आलाच नसता. तो आपल्या समजुतीप्रमाणे "हो" म्हणेल आणि तुमचं प्रश्नांचं झाड पहिल्याच फांदीवर संपेल. कायद्यातला निष्कर्षाचा शब्द प्रश्नात आणू नका. माणसाच्या हातातल्या कागदावर जे दिसतं तेच विचारा.

त्या एका प्रश्नाचे किमान तीन होतील:

क. विक्रीच्या दिवशी ती खरोखर शेतजमीन होती का?
ख. ती नगरपालिका, महापालिका, नगरपंचायत, कटकमंडळ अशा संस्थेच्या हद्दीत आहे का, आणि त्या संस्थेची लोकसंख्या १० हजार किंवा जास्त आहे का? दोन्ही "हो" असेल तर भांडवली मालमत्ता.
ग. हद्दीबाहेर असेल तर अशा *प्रत्येक* संस्थेच्या हद्दीपासून सरळ रेषेत किती अंतर आहे? लोकसंख्या १० हजारांहून जास्त ते १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १ लाखाहून जास्त ते १० लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर, १० लाखांहून जास्त असेल तर ८ किलोमीटर. त्या अंतराच्या आत असेल तर भांडवली मालमत्ता.

क्रम महत्त्वाचा आहे. 'क' ला उत्तर "नाही" आलं तर ख आणि ग विचारण्यात अर्थच नाही. जमीन शेतीचीच नसेल तर ती कितीही आडगावात असली तरी करातून सुटत नाही.

अनुजा_पु
'ग' मध्ये "प्रत्येक" का? मी सर्वांत जवळचं एकच शहर धरत होते. ते नापास झालं तर लांबचं कसं पास होईल?

केतन_करसल्ला
तुमची दोन प्रकरणं बहुधा इथेच चुकली. जवळच्या शहराचं वर्तुळ लहान असतं, लांबच्याचं मोठं.

एक प्रकरण मांडतो. जमीन नाशिक तालुक्यात, ग्रामपंचायतीच्या हद्दीत. भगूर नगरपरिषदेच्या हद्दीपासून २.६ किलोमीटर, देवळाली कटकमंडळाच्या हद्दीपासून ३.१ किलोमीटर, नाशिक महापालिकेच्या हद्दीपासून ७.४ किलोमीटर, असं समजा. भगूर आणि देवळाली दोन्ही २०११ च्या जनगणनेत १० हजार ते १ लाख या गटात आहेत, म्हणजे त्यांचं वर्तुळ २ किलोमीटरचं. जमीन दोन्हींच्या बाहेर आहे. "सर्वांत जवळचं शहर" विचारणारं झाड इथे "ग्रामीण, कर नाही" म्हणून थांबेल. पण नाशिक महापालिकेची लोकसंख्या २०११ ला १४ लाख ८६ हजार होती, तिचं वर्तुळ ८ किलोमीटरचं आहे आणि ७.४ त्यात बसतं. जमीन करपात्र.

आणि देवळालीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. कटकमंडळ कायद्यात नावानिशी आहे, पण शहरांची यादी करताना लोक ते हमखास विसरतात.

मोजणी_सह्याद्री
अंतराबद्दल दोन गोष्टी, कारण इथे मोजण्यातच चुका होतात.

एक, अंतर *हद्दीपासून* मोजायचं. लोक नकाशावर शहराचं नाव जिथे लिहिलेलं असतं तिथून, बस स्थानकापासून किंवा पालिकेच्या इमारतीपासून मोजतात. त्याने अंतर चार-पाच किलोमीटर फुगतं आणि करपात्र जमीन ग्रामीण दिसते. रस्त्यावरचा "नाशिक १२" असा दगड तर इथे कामाचाच नाही.

दोन, रस्त्याने नाही, हवाई. घाट किंवा नदी मध्ये असेल तर रस्त्याने ११ आणि सरळ रेषेत ६.५ असं सर्रास होतं.

केंद्रातल्या माणसाला उपग्रह नकाशावर मोजून अंदाज घेता येईल, पण त्यात हद्दीची रेषा जुनी असू शकते. म्हणून तुमच्या झाडात मोजलेलं अंतर मर्यादेच्या अर्धा किलोमीटर इकडेतिकडे असेल तर हो-नाही देऊ नका, "दाखला आणा" असं उत्तर द्या. दाखला पालिकेच्या नगररचना विभागाकडून किंवा तहसीलदारांकडून घ्यावा, आणि त्यात "हवाई अंतर" आणि "अमुक तारखेच्या हद्दीपासून" हे दोन्ही शब्द लिहून घ्यावेत. नुसतं "सुमारे ९ किमी" लिहिलेला दाखला पुढे कामाला येत नाही.

केतन_करसल्ला
याला जोड. हवाई अंतर हे करनिर्धारण वर्ष २०१४-१५ पासून आहे. त्याआधीच्या व्यवहारांना रस्त्याचं अंतर चालतं, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मान्य केलं आणि प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ च्या परिपत्रकाने स्वीकारलं. आंतरजालावर अजून जुने लेख फिरतात, त्यातलं "रस्त्याने मोजा" वाचून आजच्या व्यवहाराला लावू नका.

शेतशिवार_ब
आमची जमीन राष्ट्रीय महामार्गात गेली, मोबदला आला. सातबाऱ्यावर ऊस होता, पण शहरापासून ४ किलोमीटर. म्हणजे वरच्या हिशेबाने कर भरायचा का?

केतन_करसल्ला
नाही, तुमचा प्रश्न या झाडाच्या बाहेरचा आहे, आणि तोच दाखवतो की मुळाशी एक प्रश्न राहून गेला: *जमीन विकली की सरकारने घेतली?* तो सर्वांत वर हवा, कारण तिथून पूर्ण वेगळी फांदी फुटते.

सक्तीच्या संपादनात अंतराच्या आतली शेतजमीन असली तरी कलम १०(३७) ची करमाफी आहे. जमीन व्यक्तीची किंवा एकत्र कुटुंबाची हवी, आणि संपादनाआधीची सलग दोन वर्षं मालकाने, त्याच्या आईवडिलांनी किंवा कुटुंबाने ती शेतीसाठी वापरलेली हवी. तुमचा ऊस दोन वर्षं नोंदलेला असेल तर ही फांदी बघा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली संपादन असेल तर त्याचं कलम ९६ आणखी व्यापक आहे, २०१६ च्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकानुसार तिथे शेतजमीन आणि बिगरशेती असा भेदही राहत नाही. पण राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालच्या संपादनाला कलम ९६ लागतं का, यावर एकमत नाही, दोन्ही बाजूंचे न्यायालयीन निकाल आहेत. भूसंपादनाच्या निवाड्याच्या प्रतीवर कुठला कायदा लिहिला आहे ते बघा आणि मग सल्ला घ्या.

अनुजाताई, इथे शेतकऱ्याला "सक्तीचं संपादन का?" असं विचारू नका. "दस्त निबंधकाकडे झाला की निवाडा आला?" असं विचारा. थेट खरेदीने जमीन घेतली जाते तेव्हा दस्त होतो आणि माणूस तरीही "सरकारने घेतली" म्हणतो. ते प्रकरण हो-नाही न देता तपासणीच्या वेगळ्या फांदीवर जाऊ द्या.

अनुजा_पु
अंतराचा भाग असा लिहिला आहे. हद्दीच्या आतली तपासणी आधी वेगळी होते.

```
for b in bodies:
    if b.pop > 1000000:
        r = 8
    elif b.pop > 100000:
        r = 6
    elif b.pop > 10000:
        r = 2
    else:
        continue
    if dist_km(gat, b.limit) <= r:
        return "CAPITAL"
return "RURAL"
```

केतन_करसल्ला
बरोबर. `<=` ठेवलंत ते चांगलं, कारण शब्द "पेक्षा जास्त नाही" असे आहेत. अगदी ८ किलोमीटर म्हणजे आत. आणखी एक बारीक फरक: हद्दीच्या आतल्या कसोटीत "१० हजारांहून कमी नाही" आहे, अंतराच्या कसोटीत "१० हजारांहून जास्त". म्हणून दोन तपासण्या वेगळ्या ठेवल्यात तेच योग्य. एकत्र केल्या असत्या तर एका ठिकाणी चिन्ह चुकलं असतं.

सोलापूरकर_दि
लोकसंख्या कुठली धरायची? सोलापूर महापालिका २०११ ला ९ लाख ५१ हजार होती. आज कोणीही १० लाखांच्या वर सांगेल. मग ६ की ८?

केतन_करसल्ला
६. कायद्यात शेवटची *प्रसिद्ध झालेली* जनगणना आहे, आणि तिचे आकडे त्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसाआधी प्रसिद्ध झालेले हवेत. आजचा अंदाज चालत नाही. त्यामुळे सोलापूरभोवती ६ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यातली जमीन आज या कसोटीतून सुटते. नव्या जनगणनेचे आकडे आले आणि सोलापूर १० लाखांवर गेलं की पुढच्या १ एप्रिलपासून तोच पट्टा आत येईल.

म्हणून लोकसंख्या प्रश्नमालिकेत कुठेही पक्की लिहू नका. वेगळा तक्ता ठेवा, प्रत्येक आकड्यापुढे "कुठल्या आर्थिक वर्षापासून लागू" हा रकाना ठेवा. हद्दीचंही तसंच, पण तिची तारीख विक्रीच्या दिवसाची. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. २०२० मधली विक्री आणि २०२२ मधली विक्री एकाच गटाची असली तरी हद्द वेगळी, म्हणून ८ किलोमीटरची रेघही वेगळी.

अनुजा_पु
मग २०११ नंतर नव्याने झालेली नगरपंचायत असेल तर? जनगणनेत त्या नावाची संस्थाच नाही.

केतन_करसल्ला
ज्या गावांची मिळून ती झाली त्यांच्या २०११ च्या लोकसंख्येची बेरीज करणं मला पटतं, पण हे माझं मत आहे, पक्का नियम म्हणून झाडात घालू नका. तपासणीच्या फांदीवर पाठवा.

वसंतराव_ज
अंतराचं मान्य. पण 'क' प्रश्न तरी सोपा आहे ना? सातबाऱ्यावर जिरायत लिहिलंय, शेतसारा भरलाय, म्हणजे शेतजमीन.

पणजी_वाचक
तिथेच दोन निकाल दोन दिशांना जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सुरतच्या एका जमिनीबद्दल म्हटलं की महसुली नोंद शेतीची आणि सारा भरलेला असला तरी ती शेतजमीन नव्हती. चार वर्षं तिथे पीक घेतलं नव्हतं, बिगरशेती वापरासाठी विक्रीची परवानगी काढली होती, खरेदीदार गृहनिर्माण संस्था होती आणि भाव चौरस वारावर ठरला होता. उलट २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोरच्या प्रकरणात नोंद शेतीची होती, मालकाने कधी बिगरशेतीसाठी अर्ज केला नव्हता आणि जमिनीवर नारळाची झाडं होती. उत्पन्न एवढंच की ते देखभालीत जायचं, म्हणून विवरणपत्रात दाखवलंही नव्हतं. तरी ती शेतजमीन ठरली. खरेदीदाराला पुढे तिथे काय करायचं होतं, याने फरक पडला नाही.

म्हणजे "विवरणपत्रात शेती उत्पन्न दाखवलं का?" या एकाच प्रश्नावर "नाही" आलं म्हणून झाड तोडता येणार नाही, आणि नुसत्या सातबाऱ्यावर "हो" म्हणूनही सोडता येणार नाही.

केतन_करसल्ला
अगदी. 'क' हा खरा हो-नाहीचा प्रश्नच नाही, तो पुराव्याच्या वजनाचा आहे. हो-नाहीच्या झाडात असा प्रश्न कोंबला की झाड आत्मविश्वासाने चुकतं. मी 'क' चे चार छोटे प्रश्न करेन, सगळे कागदावरचे:

सातबाऱ्याच्या बारा नंबरच्या भागात गेल्या दोन-तीन हंगामांत पीक लागलंय की "पड"? एनए आदेश निघालाय का, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ब खाली रूपांतरण कर भरलाय का (आता पुष्कळ ठिकाणी वेगळा आदेश निघतच नाही, चलनच असतं)? विक्रीआधी भूखंड पाडले का? भाव एकर-गुंठ्यावर ठरला की चौरस फुटावर?

चारही शेतीच्या बाजूने असतील तर पुढे जा. एनए झालेली असेल तर शेतजमिनीची फांदी बंद. मधली सगळी मिश्र प्रकरणं "कागद घेऊन सल्लागाराकडे". ही मधली फांदी मोठी होईल, होऊ द्या.

अनुजा_पु
आता माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीबद्दल. "दोन वर्षांहून कमी, म्हणून पूर्ण कर, थांबा" यात काय चुकलं?

केतन_करसल्ला
५४ब ला दीर्घ मुदतीची अट नाही. तिथली दोन वर्षं *वापराची* आहेत, तुमच्या दुसऱ्या पायरीतली दोन वर्षं *मालकीची*. दोन्ही आकडे सारखे असल्याने गल्लत होते. समजा मुलाने वडिलांकडून जमीन २० महिन्यांपूर्वी मोबदला देऊन विकत घेतली, आणि वडील त्याआधी कित्येक वर्षं ती कसत होते. मालकी २० महिन्यांची, म्हणजे नफा अल्प मुदतीचा. तुमचं झाड इथे थांबतं. पण ५४ब मध्ये आईवडिलांचा वापरही धरतात, दोन वर्षं पूर्ण होतात, आणि मुलाने दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते. वारसाने आली असती तर वडिलांची मालकीही मोजली गेली असती, तिथे हा प्रश्नच आला नसता. म्हणून "कशी मिळाली: वारसा, बक्षीस की खरेदी?" हा प्रश्न मुदतीच्या आधी.

क्रम असा: मिळाली कशी, मग ५४ब चे प्रश्न, आणि मालकीची मुदत सर्वांत शेवटी. मुदतीवरून फक्त दर ठरतो, पात्रता नाही.

भगूरजवळच्या त्याच जमिनीचा हिशेब करू. वडिलोपार्जित, ५० गुंठे, ऑगस्ट २०२५ ला ९० लाखांना विकली. १ एप्रिल २००१ चं मूल्य ४ लाख धरू (हे त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर धरता येत नाही). महागाई निर्देशांकाशिवाय नफा ८६ लाख, १२.५ टक्क्यांनी कर १० लाख ७५ हजार. निर्देशांक ३७६ लावला तर खर्च १५.०४ लाख, नफा ७४.९६ लाख, २० टक्क्यांनी साधारण १५ लाख. पहिला मार्ग स्वस्त. आता ६० लाखांची दुसरी शेतजमीन दोन वर्षांत घेतली तर उरतात २६ लाख, कर ३ लाख २५ हजार. अधिभार आणि उपकर वेगळा.

आणि "घेणार आहे" म्हणणाऱ्यासाठी एक पायरी तुमच्याकडे नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन घेतली नसेल तर न वापरलेली रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात भरायची असते, साध्या मुदत ठेवीत नाही. खरे हकदार सवलत गमावतात ते इथे. नवी जमीन तीन वर्षांत विकली तर सवलत उलटते, हेही निकालाच्या पानावर लिहा.

सोलापूरकर_दि
खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापला असेल तर जमीन करपात्र ठरली असं समजायचं का?

केतन_करसल्ला
नाही. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार कापतो, आणि ग्रामीण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. तिथे कसोटी हीच ख आणि ग ची आहे. पण पुष्कळ खरेदीदार जोखीम नको म्हणून सरसकट कापतात. कापला असेल तर तो विक्रेत्याने विवरणपत्र भरून परत मागायचा. झाडात हा प्रश्न शेवटी, निकाल लागल्यावर विचारा, म्हणजे तो निकालावर परिणाम करणार नाही.

अनुजा_पु
नवा क्रम: दस्त की निवाडा, चार कागदी प्रश्न, हद्द, सगळ्या संस्थांपासूनचं अंतर, मिळाली कशी, वापराची दोन वर्षं, नवी जमीन किंवा खातं, मालकीची मुदत, टीडीएस. प्रत्येक पायरीला "माहीत नाही" हा तिसरा पर्याय आणि त्यापुढे कुठला कागद कुठून आणायचा ते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या विक्रीला नवा कायदा लागतो, म्हणून कलमांचे क्रमांक वेगळ्या तक्त्यात, विक्रीच्या तारखेप्रमाणे. एकच राहिलं. गट मोठा आहे, एक टोक ७.८ किलोमीटरवर आणि दुसरं ८.३ वर. कुठल्या टोकापासून मोजू?

मोजणी_सह्याद्री
जवळच्या टोकापासून मोजलं तर अख्खा गट आत, लांबच्या टोकापासून बाहेर, मध्यबिंदूपासून आणखी तिसरंच. मोजणी म्हणून मी तिन्ही आकडे देऊ शकतो. विकलेला पोटहिस्सा नेमका कुठल्या बाजूचा आहे ते आधी बघा, कारण पुष्कळदा फक्त एकच बाजू विकलेली असते आणि प्रश्न तिथेच सुटतो.

केतन_करसल्ला
पूर्ण गट विकला असेल तर ८ किलोमीटरच्या आतला भाग करपात्र आणि बाहेरचा नाही, अशी क्षेत्रफळाप्रमाणे विभागणी करावी असं मी म्हणेन. पण समोरचा अधिकारी जवळचं टोक धरून बसेल हे गृहीत धरा. तपासणीची फांदी.

पणजी_वाचक
मला विभागणी पटत नाही. दस्त एक, गट एक, किंमत एक. कायद्यात "अशा क्षेत्रात असलेली जमीन" म्हटलंय, जमिनीचा भाग म्हटलेलं नाही. सवडीने सविस्तर लिहितो.